सेंट लुईसचा घटस्फोट, तिरुपतीचे लग्न

२ नोव्हेंबर १९८१ रोजी यादगिरीगुट्ट्याला एक लग्न लागले. नवरदेवाचे हे दुसरे लग्न. पहिले २७ फेब्रुवारी १९७५ रोजी तिरुपतीला, हिंदू पद्धतीने झाले होते. पहिल्या पत्नीपासून घटस्फोट मिळाल्याचा कागद त्याच्याकडे होता. तो अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील, सेंट लुईस परगण्याच्या न्यायालयाचा हुकूमनामा होता, १९ फेब्रुवारी १९८० या तारखेचा. कागद खरा होता, न्यायालय खरे होते, न्यायाधीशांनी खरोखरच विवाह संपुष्टात आल्याचे जाहीर केले होते. तरीही पहिल्या पत्नीने दोघांविरुद्ध द्विविवाहाची फौजदारी तक्रार केली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

९ जुलै १९९१ रोजी लागलेला तो निकाल वकीलमंडळी ‘नरसिंह राव’ या नावाने ओळखतात. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. परदेशात राहणाऱ्या भारतीय जोडप्याचा परदेशी घटस्फोट भारतात चालतो का, हा प्रश्न आज न्यू जर्सीतून, लंडनहून किंवा सिडनीहून पुण्यातल्या वकिलाला विचारला, तर उत्तराची सुरुवात याच निकालापासून होते.

हकीकत पाहण्यासारखी आहे. जुलै १९७८ मध्ये पती-पत्नी वेगळे झाले. पतीने आधी तिरुपतीच्याच न्यायालयात घटस्फोटाची याचिका दाखल केली. तिच्यात त्याने आपला पत्ता दिला होता लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचा. ती याचिका प्रलंबित असतानाच त्याने मिझुरीत दुसरी याचिका टाकली आणि तिथे सांगितले, की आपण गेले नव्वद दिवस किंवा त्याहून जास्त काळ मिझुरीचे रहिवासी आहोत. मिझुरीच्या कायद्याला तेवढे पुरते. पत्नी भारतात होती. तिने आपला आक्षेप नोंदवून, ‘या न्यायालयाला हा अधिकार नाही’ असे उत्तर टपालाने पाठवले. ती स्वतः हजर राहिली नाही, तिच्या वतीने कोणी उभे राहिले नाही. विवाह ‘पुन्हा जुळणार नाही इतका मोडला आहे’ या कारणावर न्यायालयाने घटस्फोट दिला. तो हाती आल्यावर तिरुपतीची याचिका पुढे चालवायची नाही असे पतीने कळवले आणि पुढे दुसरे लग्न केले.

सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकूमनाम्याकडे पाहून दोन साधे प्रश्न विचारले. पहिला, मिझुरीच्या न्यायालयाला या दोघांच्या विवाहाचा निवाडा करण्याचा अधिकार आला कुठून? दुसरा, ज्या कारणावर घटस्फोट दिला ते कारण या दोघांच्या विवाहाला लागू असलेल्या कायद्यात आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. याचिका कुठे दाखल करायची, ते हे कलम सांगते: जिथे लग्न लागले तिथे, जिथे समोरची व्यक्ती राहते तिथे, जिथे दोघांनी शेवटचा संसार केला तिथे, पत्नी याचिका करत असेल तर ती राहते तिथेही, ही सोय २००३ मध्ये आली. समोरची व्यक्ती भारताबाहेर असेल, तर याचिका करणारा जिथे राहतो तिथल्या न्यायालयातही जाता येते. तिरुपतीच्या त्या जोडप्याला मिझुरीत यातले काहीच लागू नव्हते. लग्न तिथे झाले नव्हते, पत्नी तिथे राहत नव्हती, आणि शेवटचा संसार झाला होता न्यू ऑर्लिन्सला. मिझुरीशी संबंध होता तो फक्त पतीच्या नव्वद दिवसांच्या मुक्कामाचा. खटला भरण्यापुरता एखाद्या राज्यात राहिलेला माणूस आणि तिथेच आयुष्य काढायचे ठरवून राहिलेला माणूस यांत न्यायालयाने फरक केला, आणि तो फरकच या विषयाचा गाभा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आणखी स्पष्ट होते. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे कारण आहे, दोन वर्षांचा परित्याग हे कारण आहे, परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार अशी आणखीही काही आहेत. ‘विवाह पूर्णपणे मोडला आहे’ हे कारण मात्र त्यात नाही. ते आणण्यासाठीचे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले होते, पण ते कायद्यात उतरले नाही. १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने सर्वोच्च न्यायालय स्वतः, घटनेच्या अनुच्छेद १४२ मधील विशेष अधिकार वापरून, या कारणावर घटस्फोट देऊ शकते हे पक्के झाले. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. कुटुंब न्यायालयाला तो नाही, उच्च न्यायालयालाही नाही.

इथेच परदेशातल्या बहुतेक जोडप्यांची गाडी अडते. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचे जवळजवळ एकच कारण आहे: न मिटणारे मतभेद. ऑस्ट्रेलियात बारा महिने वेगळे राहिल्याचे दाखवले, की विवाह मोडला असे मानतात. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कारण सांगावेच लागत नाही; ‘विवाह मोडला आहे’ एवढे निवेदन पुरते आणि न्यायालय ते अंतिम मानते. म्हणजे जगातल्या ज्या देशांत मराठी माणसे मोठ्या संख्येने जाऊन राहिली, तिथला कायदा ज्या दिशेने गेला ती वाट आपला हिंदू विवाह कायदा अजून चाललेला नाही. तिथला न्यायाधीश पूर्णपणे आपल्या कायद्याप्रमाणे वागतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याचा निकाल इथे अडखळतो.

हे सगळे कोणत्या तरतुदीखाली घडते? दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम १३. सर्वसाधारण नियम असा, की परदेशी न्यायालयाचा निकाल त्या दोन पक्षांपुरता भारतात अंतिम मानायचा. त्याला सहा अपवाद आहेत. न्यायालयाला अधिकारच नसेल. निकाल गुणवत्तेवर, म्हणजे दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासून दिलेला नसेल. भारताचा कायदा लागू असताना तो नाकारला असेल. नैसर्गिक न्याय पाळला नसेल. फसवणूक करून निकाल मिळवला असेल. किंवा भारतीय कायदा मोडणाऱ्या दाव्याला उचलून धरले असेल, तर तो निकाल इथे बांधील नाही. घटस्फोटाच्या प्रकरणात या सहा शब्दप्रयोगांचा अर्थ काय लावायचा, ते नरसिंह राव निकालाने ठरवले. सूत्र असे, की अधिकारक्षेत्र आणि कारण ही दोन्ही, ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्याशी जुळली पाहिजेत. लग्न करताना दोघांना माहीत असलेला कायदा तोच एक. तो सोडून एकाने दुसऱ्याला जगाच्या नकाशावर कुठेही ओढत नेऊ नये, हा त्यामागचा विचार.

फसवणुकीचे उदाहरण त्याआधीच न्यायालयासमोर येऊन गेले होते. १९५५ मध्ये जालंधरला लग्न झालेला एक तरुण १९५९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेला. आधी न्यूयॉर्क, मग युटा. पत्नी आणि दोन मुले पंजाबात. १९६४ च्या अखेरीस त्याने नेवाडा राज्यात घटस्फोट घेतला. नेवाडा त्या काळी झटपट घटस्फोटासाठी प्रसिद्ध होते. सहा आठवडे राहिले की काम होई. नेवाडातच कायम राहायचा आपला इरादा आहे असे त्याने तिथल्या न्यायालयाला सांगितले, आणि नंतर नोकरी धरली ती कॅनडात. पत्नीने जालंधरला पोटगीचा अर्ज केला तेव्हा हा हुकूमनामा तिच्यापुढे ठेवण्यात आला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने तो बाजूला सारला: नेवाडा हे त्याचे घर कधीच नव्हते, खोटे सांगून न्यायालयाला अधिकार मिळवून दिला, आणि त्यामुळे हुकूमनामाच फसवणुकीचा. पत्नीची पोटगी कायम राहिली.

आता यातल्या ‘कायमचे घर’ या कल्पनेकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण वकिलांच्या बैठकीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कायद्यात त्याला अधिवास म्हणतात. नागरिकत्व वेगळे, व्हिसा वेगळा, अधिवास वेगळा. माणूस जन्माने एक अधिवास घेऊन येतो, आणि दुसरा मिळवायचा तर दोन गोष्टी लागतात: तिथे प्रत्यक्ष राहणे आणि तिथेच कायम राहण्याचा पक्का इरादा. हिंदू विवाह कायद्याचे कलम १(२) म्हणते, की भारतात अधिवास असलेला हिंदू परदेशात असला तरी हा कायदा त्याला लागू राहतो.

याचा कस लागला तो मुंबईत, वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका खटल्यात. जोडप्याचे लग्न १९८९ मध्ये बंगळूरूला झालेले. पुढे ते स्वीडनला गेले, १९९७ मध्ये स्वीडनचे नागरिक झाले. नंतर काही काळ मुंबईत राहून ते ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले. संसार विस्कटल्यावर पत्नीने वांद्र्याला न्यायिक विभक्ततेचा अर्ज केला. पतीचे म्हणणे, आम्ही भारताचे नागरिक नाही, माझा अधिवास ऑस्ट्रेलियात आहे, हिंदू विवाह कायदा आम्हाला लागू नाही. कुटुंब न्यायालयाने ते मानले. मुंबई उच्च न्यायालयाने फिरवले, आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. स्वीडन त्याने सोडलेच होते. ऑस्ट्रेलियात तो होता तात्पुरत्या स्वरूपाच्या व्हिसावर, आणि तिथे कायम राहण्याचा इरादा त्याला सिद्ध करता आला नाही. निवडलेला अधिवास सुटला, नवा बसला नाही, तेव्हा जन्माचा अधिवास आपोआप परत आला. पासपोर्ट स्वीडनचा, घर सिडनीला आणि कायदा भारताचा! ऐकायला चमत्कारिक वाटते, पण नोकरीनिमित्त देश बदलत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची कायदेशीर अवस्था यासारखीच आहे, आणि त्यांना ती ठाऊक नसते.

मग परदेशात मिळालेला प्रत्येक घटस्फोट इथे कुचकामी का? नाही. नरसिंह राव निकालाने दरवाजा बंद करताना तीन फटी ठेवल्या, आणि बहुतेक लोकांचे भले त्या फटींतूनच होते.

पहिली: जिच्याविरुद्ध याचिका आहे ती व्यक्ती त्या देशातच कायमची राहत असेल आणि घटस्फोट आपल्या कायद्यातल्या कारणावर मिळाला असेल. दुसरी: समोरच्या व्यक्तीने आपण होऊन, खऱ्या अर्थाने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला, आपली बाजू लढवली, आणि दाव्याचे कारण आपल्या कायद्यात बसणारे असेल. तिसरी: समोरच्या व्यक्तीने घटस्फोटाला संमती दिली असेल, मग न्यायालयाचा अधिकार आपल्या कायद्याशी जुळत नसला तरी चालेल.

हे एका उदाहरणात घालून पाहू. समजा, पुण्यात २०१५ मध्ये वैदिक पद्धतीने लग्न झालेले एक जोडपे न्यू जर्सीत राहते. दोघांच्या नोकऱ्या तिथे, घर तिथे. संसार मोडतो. न्यू जर्सीत एक वर्षाचे वास्तव्य झाले, की सहा महिन्यांच्या ‘न मिटणाऱ्या मतभेदां’वर घटस्फोट मागता येतो, आणि तिथला वकील साहजिकच तोच सोपा रस्ता सुचवतो.

पती याचिका करतो, पत्नीही वकील देते, दोघे बसून पैशांचे आणि मुलाच्या ताब्याचे ठरवतात, करारावर सह्या होतात आणि न्यायाधीश हुकूमनामा देतात. कारण आपल्या कायद्यात नाही, तरी दोघांची संमती कागदावर स्वच्छ आहे. हा घटस्फोट तिसऱ्या फटीतून आत येतो. आपल्याही कायद्यात कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा घटस्फोट आहेच. इंग्लंडमध्ये तर २०२२ पासून पती-पत्नींना संयुक्त अर्जच करता येतो, आणि इथे दाखवायला त्याहून बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही. इंग्लंडमधल्या जोडप्यांनी, दोघांची तयारी असेल तर, एकट्याने अर्ज करण्याचा मोह टाळावा.

आता तेच जोडपे, पण पत्नी भांडणानंतर पुण्याला माहेरी आलेली आहे. पती न्यू जर्सीत याचिका करतो. समन्स कुरियरने किंवा ई-मेलने येते. ती गोंधळते, घाबरते, उत्तर देत नाही. काही महिन्यांनी एकतर्फी हुकूमनामा येतो. भारतात हा कागद जवळजवळ निश्चित पडतो. कारण आपल्या कायद्यातले नाही, पत्नी तिथे राहत नाही, तिने काही मान्य केलेले नाही. शिवाय समन्स पोचवण्याची रीतही चुकली. परदेशातून समन्स पाठवण्याच्या १९६५ च्या हेग करारात भारत २००७ पासून आहे, पण थेट टपालाने समन्स पाठवण्याला भारताने हरकत नोंदवली आहे. ते दिल्लीत कायदा मंत्रालयामार्फत यायला हवे. आणि समन्स रीतसर आले, तरी तेवढ्याने भागत नाही. समोरच्या व्यक्तीला खरोखर लढता यावे म्हणून प्रवासाचा, राहण्याचा आणि वकिलाचा खर्च देण्याची व्यवस्था, गरज असेल तिथे, परदेशी न्यायालयाने याचिका करणाऱ्याकडून करून घेतली नसेल, तर तो नैसर्गिक न्यायाचा भंग, असे नरसिंह राव निकाल सांगतो. पुण्यात बसलेल्या, पगार नसलेल्या आणि व्हिसा संपलेल्या मुलीला न्यू जर्सीच्या न्यायालयात ‘हजर राहा’ म्हणणे म्हणजे काय, हे त्या निकालाला नीट कळले होते.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. पत्नी न्यू जर्सीतच आहे. तिला घटस्फोट नको आहे, पण घराचा आणि बचतीचा वाटा हवा आहे, मुलाचा ताबा हवा आहे. ती वकील देते आणि फक्त पैशांसाठी लढते. घटस्फोट मिळतो. पुढे भारतात ती म्हणाली, की मी घटस्फोटाला संमती दिली नव्हती, तर? इथे प्रत्येक कागद मोजला जातो. तिने न्यायालयाच्या अधिकाराला आक्षेप घेतला होता का, घटस्फोटाच्या मागणीला उत्तर काय दिले, करारात ‘घटस्फोटाला संमती आहे’ असे शब्द आहेत का. लढली म्हणून तिने अधिकार मान्य केला, असे एक बाजू म्हणणार. कारणच आपल्या कायद्यातले नव्हते, असे दुसरी. आणि तिने तिथे जाणेच टाळले असते, तर अमेरिकेतल्या मालमत्तेवर तिचे म्हणणे न ऐकताच निर्णय झाला असता. म्हणून ‘परदेशी खटल्याकडे दुर्लक्ष कर, इथे तो चालत नाही’ हा सरसकट सल्ला धोक्याचा आहे. इथे चालत नाही हे खरे. पण घर, बँकखाते आणि मूल तिथे असेल तर तिथला निकाल तिथे चालतोच.

कारणाचा प्रश्न काही ठिकाणी आधीच सोडवता येतो. न्यू जर्सीत मतभेदांबरोबर ‘अतिक्रूरता’ हेही कारण याचिकेत मांडता येते. वस्तुस्थिती तशी असेल, तर ते मांडून त्यावर निष्कर्ष घेतलेला हुकूमनामा इथे कितीतरी भक्कम ठरतो. कॅलिफोर्नियात ही सोय नाही. हे अमेरिकी वकिलाला माहीत असण्याचे कारण नाही. त्याला सांगावे लागते, आणि सांगण्याची वेळ याचिका दाखल होण्यापूर्वीची असते.

दोन्ही देशांत एकाच वेळी खटले चालू होतात तेव्हा पहिल्यांदा कोण पोचतो याची शर्यत लागते. एकाने अमेरिकेत, दुसऱ्याने इथे. इथल्या न्यायालयाकडे जाऊन ‘तिला तिथला खटला चालवण्यास मनाई करा’ असे सांगण्याचीही सोय आहे, पण न्यायालये ती जपून वापरतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असे एक प्रकरण आले: पतीची याचिका गुरुग्रामला, पत्नीची फ्लोरिडात, आणि पत्नी-मुले फ्लोरिडातच राहणारी. पतीला हवा असलेला मनाई हुकूम न्यायालयाने दिला नाही. त्यामुळे असे होते, की दोन देशांतली दोन न्यायालये एकाच लग्नाचा निवाडा करत बसतात, आणि शेवटी ते लग्न एका देशात मोडलेले आणि दुसऱ्यात टिकून राहिलेले असते.

अशा अर्धवट लग्नाचा त्रास कुठे जाणवतो? बहुतेकदा पुनर्विवाहाच्या वेळी. परदेशातल्या घटस्फोटानंतर पाच-सहा वर्षांनी माणूस पुण्यात लग्न करायला येतो, विवाह नोंदणी कार्यालयात जुन्या घटस्फोटाचा कागद मागतात, आणि तो बॅगेतून काढतो ती सेंट लुईसच्या कागदासारखीच एक झेरॉक्स. त्या जुन्या प्रकरणातही झेरॉक्सच नडली होती. फौजदारी न्यायालयाने निव्वळ हुकूमनाम्याच्या फोटोप्रतीवर विसंबून पतीला आरोपातून सोडले होते. अशी प्रत पुराव्यात चालत नाही म्हणून उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. परदेशी हुकूमनाम्याची त्या न्यायालयाने दिलेली प्रमाणित प्रत लागते, आणि तिच्यावर त्या देशाचा ‘अपॉस्टिल’ शिक्का. अपॉस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे आणि अमेरिकाही आहे, त्यामुळे वकिलातीच्या चकरा वाचतात. अमेरिकेत हा शिक्का ज्या राज्याचा हुकूमनामा त्या राज्याच्या सचिवांच्या कार्यालयातून मिळतो. इंग्लंडच्या बाबतीत आणखी एक चूक वारंवार होते: तिथे दोन टप्प्यांत आदेश निघतात, आधी सशर्त आणि निदान सहा आठवड्यांनी अंतिम. पहिला हातात आला की लोक सुटलो असे समजतात. घटस्फोट होतो तो दुसऱ्याने.

हा शिक्का कागदाचा खरेपणा सांगतो, निकालाची योग्यता नाही. नोंदणी अधिकाऱ्याला त्या निकालाचा इथला दर्जा ठरवण्याचा अधिकार नसतो, म्हणून शंका असेल तिथे तो सांगतो, ‘कुटुंब न्यायालयातून आणा.’ ते आणण्याची वाट म्हणजे वैवाहिक स्थिती जाहीर करून मागणारी याचिका. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ खाली ती कुटुंब न्यायालयात चालते. दोघांची संमती असलेल्या प्रकरणात समोरची व्यक्ती येऊन ‘मला मान्य आहे’ म्हणाली, की काम सरळ होते. ती आली नाही किंवा आता तिने शब्द फिरवला, की मग पुराव्याचे सगळे चक्र फिरते.

आणि हे न करता लग्न केले तर? आधीचे लग्न इथे जिवंत ठरले, तर दुसरे लग्न पहिल्या दिवसापासून रद्दबातल असते, आणि द्विविवाह हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ खाली होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. दुसऱ्या लग्नातली मुले मात्र कलम १६ मुळे औरस मानली जातात, एवढा दिलासा कायद्याने ठेवला आहे. दुसऱ्या बायकोच्या लग्नाला मात्र तशी मान्यता मिळत नाही, आणि बऱ्याचदा तिला पहिल्या हुकूमनाम्याची कथा लग्नाआधी कोणी सांगितलेलीही नसते. मुलीच्या घरच्यांनी पत्रिकेइतक्याच बारकाईने तो हुकूमनामा पाहावा. तो एकतर्फी आहे की संमतीचा, हे पहिल्या दोन पानांतच कळते: समोरच्या पक्षाच्या वतीने कोण हजर होते, आणि त्याची सही आहे का.

दोघेही राजी असतील तर सगळ्यात निर्धोक वाट भारतातूनच जाते. लग्न पुण्यात झाले असेल, तर दोघे परदेशात राहत असले तरी पुण्याच्या न्यायालयाला अधिकार आहे. कलम १३-ब साठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या आणि दुसऱ्या जबाबात सहा महिन्यांचे अंतर असते, पण योग्य प्रकरणात ते माफ करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. दोघांनी विमानाने यायलाच हवे असेही नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यासमोर असेच प्रकरण आले. पत्नी अमेरिकेत, तिने वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र दिलेले, आणि ती स्वतः हजर नाही म्हणून कुटुंब न्यायालय परस्पर संमतीची याचिका घ्यायला तयार नव्हते. याचिका कुलमुखत्यारामार्फत दाखल करून घ्यावी आणि तिची संमती स्काइपसारख्या माध्यमातून पडताळावी, असे उच्च न्यायालयाने सांगितले. कुलमुखत्यारपत्र त्या देशात नोटरीसमोर करून, अपॉस्टिल लावून पाठवायचे असते. अशा घटस्फोटाबद्दल इथे पुढे कोणाला शंका घेता येत नाही. जिथे राहतो त्या देशात तो मान्य होतो का, तेवढे तिथल्या वकिलाला आधी विचारून घ्यावे.

इथवर सांगितले ते हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांपुरते. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेली किंवा ख्रिस्ती, पारशी पद्धतीने झालेली लग्ने असतील, तर अधिकार आणि कारणे त्या-त्या कायद्यातून पाहावी लागतात. गोव्यात लग्न झालेले असेल, तर तिथला कौटुंबिक कायदाच वेगळा आहे. पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून तिथला अंदाज बांधू नये.

संसदेने या विषयावर स्वतंत्र कायदा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सुचवले. २००९ मध्ये विधी आयोगाने आपल्या २१९ व्या अहवालात अनिवासी भारतीयांसाठी कौटुंबिक कायद्याची गरज मांडली. २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. परदेशी घटस्फोटांना परस्पर मान्यता देणाऱ्या १९७० च्या हेग करारात भारत नाही. म्हणून आजही, टोरांटोच्या किंवा मेलबर्नच्या वकिलासमोर याचिकेवर सही करण्याआधी, आपले लग्न ज्या कायद्याखाली झाले तो कायदा जाणणाऱ्या इथल्या वकिलाला तिचा मसुदा दाखवून घ्यावा, आणि दुसऱ्या बाजूची संमती असेल तर ती हुकूमनाम्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. तिरुपतीच्या त्या प्रकरणात असे काही झाले नव्हते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने द्विविवाहाची तक्रार शक्य तितक्या लवकर चालवण्यासाठी खालच्या फौजदारी न्यायालयाकडे परत पाठवली, तेव्हा यादगिरीगुट्ट्याच्या लग्नाला जवळजवळ दहा वर्षे होत आली होती.